एकाच विषयावर दोन करार : नंतरचा वरचढ ठरतो का?

मुक्ता

नमस्कार मंडळी. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एका मूट कोर्टची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप खटल्याची तयारी चालू आहे आणि आमचा गट एका मुद्द्यावर अडला आहे. इथे या विषयातली जाणकार मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

प्रश्नातली हकिगत थोडक्यात अशी. अ, ब, क आणि ड हे चार देश. १९९० मध्ये अ, ब आणि क यांनी नदीच्या पाण्याबद्दल करार केला. अ वरच्या अंगाला आहे, त्याने कोरड्या महिन्यांत सीमेवर सेकंदाला किमान ३०० घनमीटर पाणी सोडायचं, असं त्यात ठरलं. पुढे २०१० मध्ये अ, ब आणि ड यांनी दुसरा करार केला. त्याच नदीवर अ धरण बांधणार, ड पैसे देणार आणि वीज घेणार. वीज अखंड मिळावी म्हणून कोरड्या महिन्यांत २०० घनमीटरपेक्षा जास्त पाणी खाली सोडायचं नाही, असं कलम त्यात आहे. क दुसऱ्या करारात नाही, ड पहिल्या करारात नाही. आता क न्यायालयात गेला आहे आणि आम्ही अ ची बाजू मांडतोय.

गटातल्या सगळ्यांचं म्हणणं सरळ आहे : विषय एक, करार दोन, म्हणून नंतरचा लागू. मला हे पटत नाही. क ने दुसऱ्या करारावर सहीच केलेली नाही, मग त्याचं पाणी त्या कराराने कमी कसं होईल? पण पहिलाच लागू म्हणावं, तर ड ला दिलेल्या शब्दाचं काय? देशांमधल्या करारांचे नियम सांगणाऱ्या व्हिएन्ना कराराचं कलम ३० वाचलं, पण प्रत्यक्ष खटल्यात ते कसं वापरतात ते कळत नाही. असा एखादा निकाल आहे का?

शंतनू

तुमचा गट बरोबर आहे. दोन करारांत विरोध आला की उत्तरकालीन करार वरचढ, हे जुनं आणि सर्वमान्य तत्त्व आहे आणि कलम ३० मध्ये तेच लिहिलंय. शिवाय १९९० चा करार पाणीवाटपाबद्दल सर्वसाधारण दिसतो, २०१० चा एका धरणापुरता आहे. म्हणजे विशेष नियम सर्वसाधारण नियमाला मागे सारतो, हा मुद्दाही तुमच्याच बाजूने.

क चा हक्क शाबूत आहे असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी मग पुढेही जावं. एकच जमीन मालकाने आधी एकाला विकली आणि मग दुसऱ्याला विकली, तर दुसऱ्याच्या हाती काहीच येत नाही, कारण विकायला काही उरलेलंच नव्हतं. त्या न्यायाने २०१० चा करार रद्दबातल ठरेल. दोन्ही करार एकदम जिवंत, हे तर्काला धरून नाही.

कावेरी

मुक्ता, तुझी शंका रास्त आहे. आणि शंतनू म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे. ते निम्मं कुठे संपतं, तीच या प्रश्नाची खरी जागा.

"नंतरचा वरचढ" हा नियम कलम ३० च्या तिसऱ्या उपकलमात आहे आणि तो एका अटीवर उभा आहे : पहिल्या कराराचे सगळे पक्ष दुसऱ्या करारातही असले पाहिजेत. तसं असेल तर हिशेब सोपा. त्याच लोकांनी आपलं मत बदललं, म्हणून जुन्यातलं नव्याशी जुळेल तेवढंच उरतं. तुझ्या हकिगतीत हे लागू होत नाही, कारण क बाहेर आहे.

मग चौथं उपकलम उघडावं लागतं. ते "कोणता करार श्रेष्ठ" असं विचारतच नाही. ते दोन-दोन देशांच्या जोड्या पाडतं. अ आणि ब दोघेही दोन्ही करारांत आहेत, म्हणून त्यांच्यात २०१० चा चालेल. अ आणि क यांच्यात समाईक करार एकच, १९९० चा, म्हणून तोच. अ आणि ड यांच्यात २०१० चा. क आणि ड यांच्यात काहीच नाही. कागदावर हे करून बघ : अ एकाच वेळी क ला ३०० द्यायला बांधलेला आहे आणि ड साठी २०० च्या वर न सोडायला बांधलेला आहे. कलम ३० ही गाठ सोडवत नाही. ते दोन्ही बंधनं तशीच ठेवतं आणि पाचव्या उपकलमात सांगतं, की यातून जी जबाबदारी येईल तिला धक्का लागत नाही. अ ने कोणाचा शब्द पाळायचा ते अ ठरवेल. ज्याचा मोडेल त्याला भरपाई द्यावी लागेल.

तू निकाल विचारलास. व्हिएन्ना कराराच्या अर्धशतक आधीचा आहे, पण तुझ्या प्रश्नाला अगदी जवळचा. रात्री सविस्तर लिहिते.

निखळ

माझ्या माहितीप्रमाणे देशाची संसद नंतर कायदा करू शकते आणि मग करार बाजूला पडतो. अ च्या संसदेने धरणाचा कायदा केला असेल तर क काय करणार? हा मुद्दा कोणी घेतलाच नाही.

अभय

निखळ, तो वेगळा प्रश्न आहे. देशांतर्गत न्यायालयात संसदेचा कायदा चालेल की करार, हे त्या त्या देशाच्या घटनेवर ठरतं. पण दुसऱ्या देशापुढे उभं राहिल्यावर "आमचा कायदा आड येतो" ही सबब चालत नाही. व्हिएन्ना कराराच्या कलम २७ मध्ये ते स्पष्ट आहे. इथे प्रश्न करार विरुद्ध करार असा आहे.

कावेरी

तर तो खटला. नकाशा डोळ्यांसमोर ठेवा. निकाराग्वाच्या मोठ्या सरोवरातून सान हुआन नदी निघते आणि कॅरिबियन समुद्राला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात उजवा काठ कोस्टा रिकाचा आहे, पाणी मात्र निकाराग्वाचं. १८५८ च्या कान्यास-हेरेस कराराने ही सीमा ठरली. कोस्टा रिकाला व्यापारासाठी नदीत नौकानयनाचा कायमचा हक्क मिळाला आणि निकाराग्वाने आणखी एक शब्द दिला : कालव्याचा कोणताही करार करण्याआधी कोस्टा रिकाचं मत विचारू. पुढे या कराराच्या वैधतेवरून वाद झाला आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड लवाद झाले. १८८८ च्या निवाड्यात त्यांनी करार वैध ठरवला आणि एक पायरी पुढे जाऊन सांगितलं, की कालव्यामुळे कोस्टा रिकाच्या नैसर्गिक हक्कांना इजा होणार असेल तर नुसतं मत विचारणं पुरेसं नाही, तिची संमती लागेल.

आता ऑगस्ट १९१४. पनामा कालवा खुला व्हायला जेमतेम दहा दिवस उरलेले असताना, ५ तारखेला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्रायन आणि निकाराग्वाचे चामोरो यांनी करारावर सह्या केल्या. अमेरिकेने ३० लाख डॉलर द्यायचे आणि निकाराग्वाने त्या बदल्यात सान हुआन नदी आणि सरोवर या मार्गाने किंवा निकाराग्वातल्या कुठल्याही मार्गाने कालवा बांधण्याचा एकाधिकार कायमचा द्यायचा. शिवाय कॉर्न बेटं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि पलीकडे प्रशांत किनाऱ्यावर फोन्सेकाच्या आखातात नाविक तळाची जागा. कोस्टा रिकाला विचारलं नव्हतं. फोन्सेकाच्या आखातावर एल साल्वादोर आणि होंडुरासचाही किनारा आहे, त्यांनाही नाही.

म्हणजे पाहा : पहिला करार निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांचा, दुसरा निकाराग्वा आणि अमेरिका यांचा. मधला देश एकच. मुक्ताचा अ तो हाच.

मध्य अमेरिकेतल्या पाच प्रजासत्ताकांनी १९०७ मध्ये स्वतःचं कायमचं न्यायालय स्थापलं होतं, दर देशाचा एक न्यायाधीश. कोस्टा रिका तिथे गेली. निकाराग्वाने अधिकारक्षेत्र मान्य केलं नाही. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये निकाल लागला : निकाराग्वाने १८५८ चा करार आणि क्लीव्हलंड निवाडा यांनी दिलेले कोस्टा रिकाचे हक्क भंग केले. पण कोस्टा रिकाने दुसरंही मागितलं होतं, की ब्रायन-चामोरो करार रद्दबातल जाहीर करा. तिथे न्यायालय थांबलं. अमेरिका आमच्यासमोर नाही, आमच्या अधिकारात नाही, म्हणून तिने केलेल्या कराराच्या वैधतेवर आम्ही निर्णय देऊ शकत नाही.

शंतनू, तुमचं जमिनीचं उदाहरण इथे तुटतं. जमिनीच्या व्यवहारात विकणारा, पहिला घेणारा आणि दुसरा घेणारा असे तिघेही एकाच न्यायालयाच्या कक्षेत असतात आणि नोंदणीचं एक दप्तर असतं. म्हणून न्यायालय दुसरं खरेदीखत फाडू शकतं. देशांमध्ये तसं दप्तर नाही आणि जो समोर आला नाही त्याचा करार फाडता येत नाही. दोन्ही करार एकदम जिवंत राहिले, ते यामुळेच.

शंतनू

खटला माहीत नव्हता, वाचायला हवा. पण मग हे तर आणखी वाईट झालं. कोस्टा रिकाने खटला जिंकून मिळवलं काय? नुसतं "तुमचा हक्क मोडला" एवढं प्रमाणपत्र? आणि लबाडी करणाऱ्या देशाला वाट मोकळी : ज्याच्याशी आधीचा करार आहे त्याला टाळून तिसऱ्याशी करार करा, न्यायालय तो करार हात लावणार नाही. हा नियम आहे की नियमाचा अभाव?

माझं मत अजूनही असं आहे, की दुसरा घेणारा जाणूनबुजून व्यवहारात उतरला असेल तर त्याचा करार टिकता कामा नये.

कावेरी

हाच विचार फार मोठ्या माणसांनी केला होता. व्हिएन्ना कराराचा मसुदा आंतरराष्ट्रीय विधी आयोगात तयार होत असताना १९५३ मध्ये लाउटरपाख्त यांनी साधारण तुम्ही म्हणता तेच सुचवलं : आधीच्या कराराचा भंग करूनच जो पाळता येतो तो नंतरचा करार शून्य. त्यांच्यानंतर फिट्झमॉरिस यांनी हा नियम बराच आवळला. मग वॉल्डॉक आले आणि त्यांनी तो काढूनच टाकला, वैधतेऐवजी प्राधान्य आणि जबाबदारी या भाषेत प्रश्न मांडला. तेच आजचं कलम ३०. कारण व्यावहारिक होतं. बहुपक्षीय करार सतत सुधारावे लागतात आणि जुन्या करारातला प्रत्येक सदस्य नव्यात येतोच असं नाही. एका देशाने सही नाकारली म्हणून बाकीच्यांचा नवा करार शून्य ठरू लागला, तर तो एक देश सगळी सुधारणा अडवू शकेल.

मला स्वतःला वॉल्डॉक यांचा मार्ग योग्य वाटतो, पण त्याची किंमत कोस्टा रिकासारख्या छोट्या देशाने मोजली, हेही तितकंच खरं आहे.

जाणूनबुजून म्हणालात त्यावर : त्या न्यायालयाने ते निकालात नोंदवलं आहे. कोस्टा रिकाने वॉशिंग्टनकडे आधीच निषेध नोंदवला होता, निवाडा तर अमेरिकेच्याच अध्यक्षाचा होता. निकाराग्वाचे हात बांधलेले आहेत, हे अमेरिकेला ठाऊक होतं. तरी त्या ज्ञानावरून करार रद्द करण्यापर्यंत न्यायालय गेलं नाही.

परदेशस्थ

माझा अनुभव सांगतो, उपयोगी पडेल. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला दुहेरी करआकारणीचा जुना करार १९७५ चा होता, नवा २००१ चा, तो २००३ मध्ये अमलात आला. मी तेव्हा त्या दोन देशांमध्ये कामानिमित्त अडकलेलो होतो. नव्या करारात अशी सोय होती, की जुन्या करारात तुमचा फायदा जास्त असेल तर आणखी बारा महिने जुनाच लावून घ्या. अट एकच, घ्यायचा तर जुना अख्खा घ्यायचा. याचं एक कलम आणि त्याचं एक कलम असं उचलता येत नाही. सल्लागाराने मला दोन्ही हिशेब मांडून दाखवले आणि मी जुना घेतला.

म्हणजे नवा करार आला तरी जुना वर्षभर चालतो. मुक्ताच्या प्रश्नात क ला निदान तेवढी मुदत मिळायला हवी ना?

अभय

तुमचं उदाहरण चांगलं आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. ती बारा महिन्यांची मुदत कुठल्या सर्वसाधारण नियमातून आलेली नव्हती. नव्या करारातच ते लिहिलेलं होतं, म्हणून मिळाली. लिहिलेलं नसतं तर मिळाली नसती.

पण मुक्तासाठी यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कलम ३० हा शेवटी उघडायचा कप्पा आहे. आधी दोन्ही करारांची शेवटची पानं वाचायची. "हा करार अमुक कराराच्या अधीन राहील" किंवा "अमुक करारातल्या हक्कांना बाधा येणार नाही" असं काही सापडलं, तर दुसऱ्या उपकलमाप्रमाणे त्या दुसऱ्या कराराचं चालतं आणि मग पुढच्या जोड्या पाडायची गरजच उरत नाही. मूटचे प्रश्न काढणारे असं वाक्य हमखास प्रस्तावनेत नाहीतर परिशिष्टात पुरून ठेवतात.

आता कावेरीताई, तुम्हाला दोन प्रश्न. पहिला, ब्रायन-चामोरोमध्ये खरोखर विरोध होता का? अमेरिकेने कालवा बांधला नाही, बांधायला घेतलाही नाही. तिने फक्त हक्क राखून ठेवला. १८५८ चा करार आणि १९१४ चा करार, दोन्ही एकाच वेळी पाळणं अशक्य होतं असं म्हणता येईल का? दुसरा, अमेरिकी सिनेटने संमती देताना स्पष्ट पुरवणी जोडली होती, की कोस्टा रिका, एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्या विद्यमान हक्कांना बाधा आणण्याचा या कराराचा हेतू नाही. मग मी आत्ता म्हटलं तसंच ते वाक्य नव्हे का?

कावेरी

अभय, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

विरोध कशाला म्हणायचं, यावर आजही एकमत नाही. कडक व्याख्या अशी : एक पाळलं की दुसरं मोडतंच, तरच विरोध. सैल व्याख्येत एक करार परवानगी देतो आणि दुसरा मनाई करतो हाही विरोध. परवानगी न वापरता दोन्ही करार पाळता येतात, म्हणून कडक व्याख्येत तो विरोध नाही. मुक्ताच्या हकिगतीत मात्र कडक व्याख्याही पूर्ण होते : किमान ३०० आणि कमाल २००, दोन्ही पाळता येणारच नाहीत. प्रश्न काढणाऱ्याने आकडे मुद्दाम असे दिले आहेत. २०१० च्या करारात "गरजेनुसार पाणी अडवता येईल" एवढंच असतं, तर अ चा वकील म्हणून मी पहिला युक्तिवाद हाच केला असता, की विरोधच नाही.

सान हुआनच्या बाबतीत "हा केवळ पर्याय राखून ठेवणारा करार आहे, कालव्याचा करार नव्हे" असा बचाव पुढे आलाच होता. पण १८५८ च्या करारातलं बंधन कशाचं होतं ते बारकाईने बघ. कालवा बांधण्याआधी विचारू असं ते नव्हतं. कालव्याचा करार करण्याआधी विचारू असं होतं. म्हणून भंग व्हायला एक कुदळही मारायची गरज नव्हती. न विचारता करार झाला, तिथेच शब्द मोडला. सिनेटची पुरवणी या भंगाला औषध म्हणून अपुरी पडते, ती यामुळेच. नौकानयनाचा हक्क, काठावरचे हक्क यांना पुढे बाधा येणार नाही, असं ती सांगू शकते. पण आधी विचारलं जाण्याचा हक्क होता, तो नंतरच्या कुठल्याही वाक्याने परत येत नाही.

मुक्ता, पहिल्या करारात असं पद्धतीचं बंधन आणि प्रत्यक्ष आकड्याचं बंधन वेगवेगळं आहे का, ते तपास. नदीच्या करारांत पूर्वसूचनेचं कलम बहुतेक वेळा असतं. असेल तर क कडे दोन स्वतंत्र तक्रारी आहेत, आणि पहिली धरणाचं दार बंद होण्याच्या कितीतरी आधी उभी राहिलेली आहे.

मुक्ता

पूर्वसूचनेचं कलम आहे! सहा महिने आधी कळवायचं. आम्ही ते गौण म्हणून सोडून दिलं होतं.

आणखी दोन शंका. गटातला एकजण म्हणतो, की ब दोन्ही करारांत आहे आणि अ-ब यांच्यात नवा करार चालतो हे ठरलं, मग कोरड्या महिन्यांत अ ने ब च्या सीमेवर २०० सोडलं तर ब ची तक्रारच नाही. पाणी ब मधून वाहत क कडे जातं. म्हणजे क ने भांडायचं ते ब शी, आमच्याशी नाही. हे चालेल? आणि दुसरं, कोणता करार "नंतरचा" हे सहीच्या तारखेवरून ठरतं की अमलात आल्याच्या? आमच्या प्रश्नात २०१० च्या कराराला अ ने खूप उशिरा मान्यता दिली आहे.

कावेरी

पहिल्या शंकेचं उत्तर : चालणार नाही, पण युक्तिवाद कुठे पडतो ते समजून घे. काही बंधनं दोघांपुरती देवघेव असतात, तू मला हे दे, मी तुला ते देतो. अशी बंधनं जोड्यांमध्ये सुटी करता येतात. काही बंधनं एकत्र पाळली तरच अर्थ राहतो. शस्त्रकपातीच्या करारात दोघांनी आपसात ठरवलं की आपण दोघं शस्त्रं वाढवू, तर बाकीच्यांचं सगळं गणितच बिघडतं. नदीचा किमान प्रवाह या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. अ आणि ब यांनी आपसात कमी केलेलं पाणी क ला मिळतच नाही. अशा वेळी कलम ४१ बघायचं : बहुपक्षीय कराराच्या काही सदस्यांना आपसापुरता बदल करता येतो, पण बाकीच्यांच्या हक्कांना धक्का लागत असेल तर नाही. कलम ३० चं पाचवं उपकलम कलम ४१ ची आठवण मुद्दाम करून देतं. म्हणून अ-ब मधला बदल क समोर ढाल म्हणून धरता येणार नाही. उलट अ सोबत ब देखील क ला जबाब देणं लागेल.

दुसरी शंका : व्हिएन्ना परिषदेत हाच प्रश्न विचारला गेला होता आणि वॉल्डॉक यांनी तज्ज्ञ सल्लागार म्हणून उत्तर दिलं, की आधीचा-नंतरचा हे करार स्वीकारला गेल्याच्या तारखेवरून ठरतं, कारण नवा हेतू तेव्हा प्रकट होतो. पण एखाद्या देशापुरता त्याचा परिणाम त्या देशासाठी करार अमलात आल्यावरच सुरू होतो. म्हणून अ ने उशिरा मान्यता दिली तरी २०१० चा करार नंतरचाच राहतो. मान्यतेआधी अ ने पाणी कमी सोडलं असेल तर त्या काळासाठी मात्र त्याच्याकडे नव्या कराराचा आधारच नाही, अगदी ब समोरसुद्धा नाही. तारखा बघून ठेव.

अभय

इथे थोडा मतभेद नोंदवतो. वॉल्डॉक यांचं उत्तर सगळ्यांना पटलेलं नाही, अमलात येण्याची तारीख धरावी असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. बहुपक्षीय करारांत देश वीस-तीस वर्षांनी येऊन मिळतात. जुन्या करारात एखादा देश काल सामील झाला आणि नव्यात तो दहा वर्षांपासून आहे, तर त्याचा ताजा हेतू कोणता? वॉल्डॉक यांच्या पद्धतीने नवा करारच नंतरचा, पण त्या देशाने काल दिलेला शब्द दुय्यम ठरतो. मूटमध्ये दोन्ही बाजू तयार ठेव, न्यायपीठ इथे नक्की टोकेल.

आणि शंतनू, तुम्हाला हवा असलेला "एक करार कायमचा वर" असा नियम एका ठिकाणी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम १०३ : सनदेखालचं बंधन आणि इतर करारातलं बंधन यांत विरोध आला तर सनदेखालचं वरचढ, मग दुसरा करार आधीचा असो की नंतरचा. लॉकरबी विमानस्फोटाच्या प्रकरणात लिबिया १९७१ च्या माँट्रियल करारावर विसंबून होती, की संशयितांवर आम्ही आमच्याकडे खटला चालवू शकतो. १९९२ च्या मार्चअखेरीस सुरक्षा परिषदेने संशयितांना सोपवण्याची मागणी लिबियाने पाळावी असा ठराव ७४८ केला आणि दोन आठवड्यांत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लिबियाचा अंतरिम दिलाशाचा अर्ज फेटाळला. प्रथमदर्शनी परिषदेच्या निर्णयाचं बंधन सनदेमुळे वरचढ ठरतं, असं न्यायालय म्हणालं.

शंतनू

म्हणजे वरचढ करार असू शकतो हे तरी मान्य झालं. मग त्या प्रकरणात माँट्रियल करार शून्य झाला का?

अभय

नाही. १०३ मध्येही शब्द वरचढ ठरण्याचा आहे, शून्य होण्याचा नाही. विरोध असेल तेवढ्यापुरता तो करार मागे सरतो. त्या प्रकरणात पुढे १९९८ मध्ये न्यायालयाने आपलं अधिकारक्षेत्र मान्य केलं, पण २००३ मध्ये दोन्ही बाजूंनी खटला मागे घेतला. त्यामुळे १०३ किती खोल जातं, याचा अंतिम निकाल तिथे लागलाच नाही.

निखळ

कोस्टा रिकाचं पुढे काय झालं ते कोणीतरी सांगा. आणि एल साल्वादोर?

कावेरी

एल साल्वादोरही त्याच न्यायालयात गेला आणि मार्च १९१७ मध्ये जिंकला. फोन्सेकाचं आखात तिन्ही किनारी देशांच्या सहमालकीचं आहे, म्हणून एकट्या निकाराग्वाला तिथे तळाची जागा देता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. इथेही करार रद्द केला नाही, पण आदेश अधिक धारदार होता : आंतरराष्ट्रीय कायद्यात उपलब्ध सर्व मार्गांनी निकाराग्वाने करारापूर्वीची कायदेशीर स्थिती पुन्हा प्रस्थापित करावी आणि राखावी. निकाराग्वाने दोन्ही निकाल मानले नाहीत. न्यायालयाच्या स्थापनेच्या कराराची दहा वर्षांची मुदत १९१८ मध्ये संपली आणि ते बंद पडलं.

पण हक्क बुडाले नाहीत. कालवा झाला नाही, आणि १९७० मध्ये अमेरिका व निकाराग्वा यांनी ब्रायन-चामोरो करार संपवण्याचा करार केला. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फोन्सेकाच्या ऐतिहासिक पाण्यावर तिन्ही देशांचं संयुक्त सार्वभौमत्व मान्य केलं. २००९ मध्ये कोस्टा रिका सान हुआनवरच्या नौकानयनासाठी पुन्हा त्याच १८५८ च्या करारावर उभी राहिली आणि पर्यटकांची वाहतूकदेखील त्या हक्कात येते, हे तिने मिळवलं. दुसऱ्या कराराने पहिला मेला असता तर हे शक्य नव्हतं.

मुक्ता, आता अ च्या वकिलाने काय मागायचं ते. "२०१० चा करार वरचढ आहे" ही मागणी टाक, तिथे तुम्ही हरणार. त्याऐवजी न्यायालयाला सांगा, की ड समोर नाही, म्हणून २०१० च्या कराराच्या वैधतेवर काहीही बोलू नये. १९१६ चा निकाल तिथे तुमच्या कामाचा. मग पूर्वसूचना आणि प्रवाह या दोन तक्रारी वेगळ्या करा. प्रवाहाचा भंग किती महिन्यांत, किती घनमीटरचा झाला ते क ने सिद्ध करावं, असा आग्रह धरा आणि भरपाई तेवढ्यापुरती मर्यादित ठेवा. क चा वकील हुशार असेल तर तो एल साल्वादोरच्या निकालातला आदेश मागेल : पूर्वीची स्थिती परत आणा, म्हणजे ३०० सोडा. त्याला तुमचं उत्तर काय, यावर तुमचा खटला उभा राहील.

मुक्ता

त्यालाच अडलेय आता. स्थिती परत आणायची तर ड चा करार मोडावा लागतो, आणि ड तर न्यायालयात नाहीच. भरपाईवर भागवा असं म्हणायचं, तर क म्हणेल, कोरड्या महिन्यांत पैसे पिता येत नाहीत.

शंतनू

आणि माझ्या मते क चं ते म्हणणं बरोबर असेल. आदेश अ ला आहे, ड ला नाही. ३०० सोडा एवढाच आदेश द्यायला ड समोर असण्याची गरज काय? ड ने नंतर अ वर वेगळा दावा लावावा.

कावेरी

शंतनू, एल साल्वादोरच्या निकालाचा पाया जवळजवळ हाच होता. दुसरी बाजू अशी, की ड च्या हक्कांचा निर्णय केल्याशिवाय तो आदेश देताच येत नसेल तर न्यायालयाने हात आवरावा. ३०० सोडण्याच्या आदेशाने ड च्या हक्काचा निर्णय होतो, की फक्त त्याच्या हक्कावर परिणाम होतो? यावर न्यायाधीशांमध्येही दोन तट पडतील. मुक्ता, २०१० च्या करारात अ ला पाणी वाढवायची सवलत देणारं काही अपवादाचं कलम आहे का? दुष्काळ, आणीबाणी, असं काही? असेल तर त्याचा मजकूर इथे टाक, त्यावरून पुढे बोलू.